सातव्यात यावं, नवव्यात येऊ नये : गरोदरपणातला प्रवास



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि तेव्हापासून आपल्या मंडळीतल्या आयाबाया एक प्रश्न वारंवार विचारू लागल्या आहेत. "सिस्टर, पोरगी मुंबईला आहे. पहिलं बाळंतपण, माहेरीच करायचं. विमानानं आणली तर पोटातल्या लेकराला काही होत तं नाही?" प्रश्न काळजीचा आहे. पण हीच आई पुण्यातल्या दुसऱ्या लेकीला आठव्या महिन्यात रात्रभराच्या ट्रॅव्हल्सनं बोलावते, तेव्हा मात्र काही विचारत नाही. बस ओळखीची असते, विमान नवं असतं, एवढाच त्यातला फरक.

खरं म्हणजे दीड-दोन तासांच्या विमानापेक्षा बारा तास पाय दुमडून बसवणारी बस शरीराला जास्त जड जाते. गरोदर बाईच्या प्रवासात आधी वाहन पाहायचं नसतं. किती आठवडे झाले आहेत, ती सलग किती वेळ न हलता बसणार आहे, आणि वाटेत कळा सुरू झाल्या किंवा अंगावरून गेलं तर दवाखाना किती दूर आहे, हे तीन प्रश्न आधी विचारायचे.

या लेखासाठी दोन बायका डोळ्यांसमोर ठेवू. दोघींची शेवटची पाळी १ जुलैला आली असं धरू. एक परतवाड्याची लेक, पुण्यात नोकरी करते. दुसरी हरिसालच्या पुढच्या पाड्यावरची कोरकू सून, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते आणि होळीला गावी परतते. दोघींच्या पोटातली बाळं एकाच वयाची आहेत, पण प्रवास अगदी वेगळे.

महिने नव्हे, आठवडे मोजा

आपल्याकडे "सातवा लागला" आणि "सात भरले" यांत नेहमी घोळ होतो. त्यात चांगला महिनाभराचा फरक पडतो. दवाखाना आणि विमान कंपनी दोघंही आठवडे मोजतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. माता-बाल संरक्षण कार्डावर ती तारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा हिशेब सर्वांत भरवशाचा.

आपल्या दोघींचा हिशेब असा निघतो. ७ ऑक्टोबरला चौदा आठवडे पूर्ण. १३ जानेवारीला अठ्ठावीस. १० फेब्रुवारीला बत्तीस. १० मार्चला छत्तीस. आणि ७ एप्रिल ही अपेक्षित तारीख.

प्रवासाला सर्वांत बरा काळ चौदा ते अठ्ठावीस आठवड्यांचा, म्हणजे या दोघींसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंतचा. त्याआधी उलट्या आणि थकवा असतो. गर्भपात व्हायचा असेल तर तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच होतो, आणि गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, याची खात्री सोनोग्राफी झाल्याशिवाय होत नाही. गर्भ नळीत राहिला असेल आणि नळी फुटली, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं डागही लागतंय, अशा बाईनं आधी तपासून घ्यावं, मग तिकीट काढावं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर प्रवास करूच नये असं नाही. मात्र पोट जड होतं, पाय सुजतात आणि वेळेआधी कळा येण्याची शक्यता एकेका आठवड्यानं वाढत जाते.

इथे आपली जुनी रीत कामाला येते. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि त्यानंतर लेकीला माहेरी न्यायचं, ही रीत ज्यांनी घातली त्यांना बहुतेक बैलगाडीचा प्रवास ठाऊक होता. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांमध्ये लेक माहेरी पोहोचली, तर पुढची तपासणी, रक्त आणि नाव नोंदणी सगळं तिथल्या दवाखान्यात वेळेवर होतं. अडचण हल्ली रजेपायी होते. नोकरीची रजा वाचवायची म्हणून लेक छत्तीस आठवडे पुण्यातच काढते, आणि नववा लागल्यावर घाईघाईनं निघते. अशा लेकीला मी सांगते, एक तर बत्तीसच्या आत ये, नाही तर तिथेच बाळंत हो आणि आईला तिकडे बोलाव. आईचा प्रवास केव्हाही सोपा.

गुठळी का होते

पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदर बाईला इतर बायकांपेक्षा चार-पाच पट असतो. मुळात हे प्रकरण विरळ आहे, त्यामुळे एवढं वाढूनही बहुसंख्य बायकांना काही होत नाही. पण ज्या बाईच्या पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाते, तिला वाचवायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून कारण नीट समजून घ्यावं.

बाळंतपणात रक्त जातं. ते लवकर थांबावं म्हणून गरोदरपणात शरीर रक्ताची गोठण्याची शक्ती आधीपासूनच वाढवून ठेवतं. सोय चांगली आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. वाढलेली पिशवी ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाबते आणि पायांतलं रक्त वर चढायला उशीर लागतो. डाव्या पायाची शीर तर वरून जाणाऱ्या धमनीखाली आधीच दाबलेली असते. म्हणूनच गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतांशी डाव्या पायात आढळतात.

आता यात बसून राहणं मिळवा. पायातलं रक्त हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, सुटते, आणि प्रत्येक वेळी रक्त थोडं वर जातं. विहिरीवरचा हातपंप दांडा मारल्याशिवाय पाणी देत नाही, तसंच हे. चार तासांपेक्षा जास्त वेळ पाय लोंबते ठेवून बसलं की पंप बंद पडतो आणि रक्त साचतं. त्याला विमान काय आणि बस काय, सारखंच.

आणखी एक गोष्ट आमच्या बायका बोलून दाखवत नाहीत. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये स्वच्छतागृह नसतं, ढाब्यावरचं जाण्याजोगं नसतं, म्हणून निघण्याआधी चार तासांपासून त्या पाणीच पीत नाहीत. वऱ्हाडातल्या उन्हात अंगातलं पाणी आटतं आणि रक्त आणखी दाट होतं. शिवाय लघवी तुंबवून ठेवल्यानं लघवीला जंतुसंसर्ग होतो, आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. त्यामुळे पाणी पिण्याचा सल्ला देण्याआधी गाडी कुठे थांबेल हे ठरवावं लागतं.

उपाय साधा आहे. गाडी आपली असेल तर दर दोन तासांनी थांबायचं आणि पाच-दहा मिनिटं चालायचं. बसमध्ये असाल तर बसल्या जागी दर अर्ध्या तासाला टाच टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-तीस वेळा करायचं. पायावर पाय टाकून बसायचं नाही. सामानाची पिशवी पायाशी ठेवली की पाय हलत नाहीत, म्हणून ती वर ठेवायची. स्लीपर गाडीत खालची बर्थ घ्यावी आणि डाव्या कुशीवर झोपावं. वरच्या बर्थवर शिडीनं चढू नये. रात्रीचा प्रवास करायचाच असेल तर या बाबतीत रेल्वे बसपेक्षा कितीतरी बरी. डब्यात चालता येतं, स्वच्छतागृह असतं, आणि गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटाही आहे.

चार तासांहून लांबचा प्रवास असेल तर गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे वापरावेत. ते औषधाच्या दुकानात मिळतात. घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊनच घ्यावेत, कारण सैल मोजा काही कामाचा नाही आणि वरच्या काठाशी आवळणारा मोजा उलट रक्त अडवतो. सकाळी पाय सुजण्याआधी घालावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर काढावेत.

काही बायकांना एवढ्यानं भागत नाही. पूर्वी कधी गुठळी झालेली, सख्ख्या नात्यात कोणाला लहान वयात झालेली, वजन फार जास्त असलेली, सिकलसेलचा आजार असलेली, किंवा नुकतीच अंथरुणाला खिळून उठलेली बाई लांबच्या प्रवासाला निघणार असेल, तर तिनं आधी डॉक्टरांना विचारावं. काहींना पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन सांगतात. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही. कोणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनची गोळी घेऊन निघू नये, प्रवासातल्या गुठळीसाठी ती पुरत नाही. मात्र रक्तदाबासाठी डॉक्टरांनी ती गोळी आधीच लिहून दिली असेल तर आपल्या मनानं बंदही करू नये.

सूज ओळखायची कशी

गरोदरपणात दोन्ही पाय थोडेफार सुजतातच. प्रवासानंतर ते जास्त सुजतात आणि रात्री उशाला घेऊन झोपलं की उतरतात. गुठळीची सूज वेगळी असते. ती एकाच पायाला येते, बहुधा डाव्या. पोटरी टणक लागते, दुखते, उजव्या पायापेक्षा गरम लागते. कधी पोटरी बरी असते आणि मांडी, जांघ किंवा पाठच दुखते, कारण गुठळी वरच्या शिरेत असते. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजाव्यात. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. पायाची डॉपलर सोनोग्राफी करून निदान होतं, आणि त्या तपासणीचा बाळाला काही त्रास नाही.

आणि कळकळीची विनंती अशी की अशा पायाला तेल लावून चोळू नका. प्रवासातून आलेल्या पोरीचे पाय आई मायेनं चोळून देते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर चोळा. एकच सुजला असेल तर हात लावू नका, कारण गुठळी सुटू शकते. प्रवासानंतर काही दिवसांत, अगदी दोन-चार आठवड्यांतही, अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

विमानात काय होतं

उडत्या विमानाच्या आतली हवा विरळ असते. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढी असावी तेवढी. आपलं चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर आहे. म्हणजे विमानातली हवा चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीची समजा. निरोगी आईच्या बाळाला हे बाधत नाही, कारण बाळाचं रक्त प्राणवायू धरून ठेवण्यात मोठ्या माणसाच्या रक्तापेक्षा जास्त तरबेज असतं. सुरक्षा तपासणीच्या दारातून गेल्यानंही बाळाला इजा होत नाही.

पण जिच्या अंगात रक्तच कमी आहे तिची गोष्ट वेगळी. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर विमानप्रवास टाळावा, आधी रक्त वाढवावं. सिकलसेलच्या बाबतीत कार्डावर काय लिहिलं आहे ते नीट वाचावं. विदर्भातल्या आदिवासी भागात हा आजार आहे, आणि पुष्कळ जण नुसते वाहक असतात. वाहक बाईला, तब्येत चांगली असेल तर, सहसा अडचण येत नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्या बाईला मात्र विरळ हवा आणि पाण्याची कमतरता यांमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. तिनं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय विमानात बसू नये, आणि नुकताच झटका येऊन गेला असेल तर मुळीच बसू नये.

एकच बाळ आणि सगळं ठीक असेल तर छत्तीस आठवड्यांपर्यंत विमानानं जाता येतं, जुळी असतील तर बत्तीसपर्यंत. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे असतात. अठ्ठावीस किंवा बत्तीस आठवड्यांनंतर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात. त्या पत्रात किती आठवडे झाले, अपेक्षित तारीख, बाळ एक की दोन, आणि त्या प्रवासासाठी बाई ठीक आहे, एवढं स्पष्ट असावं. पत्र जुनं चालत नाही, प्रवासाच्या अगदी जवळच्या तारखेचं लागतं. तिकीट काढण्याआधीच कंपनीला विचारून घ्यावं. बरेच जण फसतात ते परतीच्या तिकिटाला. जाताना चौतीस आठवडे असतात, लग्न आटोपून परत निघताना छत्तीस उलटलेले असतात, आणि कंपनी विमानात चढू देत नाही.

आता पुण्याची लेक. तिला मी २० ते ३१ जानेवारीच्या दरम्यान निघायला सांगेन. तेव्हा तिला एकोणतीस-तीस आठवडे झालेले असतील. पुण्याहून नागपूर विमानानं दीड तासाच्या आत-बाहेर, तिथून परतवाडा साधारण दोनशे किलोमीटर गाडीनं. विमानात मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मागून घ्यावी म्हणजे उठता येतं. विमानातून उतरल्यावर लगेच गाडीत बसू नये, थोडं चालून, पाणी पिऊन मग निघावं. एक थांबा तळेगावला, दुसरा अमरावतीत. याउलट तीच लेक ट्रॅव्हल्सनं निघाली तर तिला रात्रभर, बारा तासांच्या आसपास, एका जागी काढावे लागतील. पैसे कमी लागतील हे खरं. मग रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत यावं.

गाडी, खड्डे आणि पट्टा

खड्ड्यांच्या रस्त्यानं गर्भ पडतो, असं सासूबाई सांगतात. सुरुवातीच्या महिन्यांतले गर्भपात बहुतेक गर्भाच्याच घडणीतल्या दोषानं होतात. एसटीच्या धक्क्यांनी निरोगी गर्भ सुटत नाही. म्हणून गर्भपात झालेल्या सुनेला "तू कशाला गेली होतीस" असं म्हणून घरानं आयुष्यभर टोचू नये. धोका खड्ड्यापेक्षा अपघाताचा असतो. पोटावर आपटलं की वार पिशवीपासून सुटू शकते. त्यात रक्त आतल्या आत साचतं, बाहेर थोडंच दिसतं किंवा दिसतही नाही. म्हणून गाडीवरून पडल्यावर किंवा गाडी आदळल्यावर, वरून कुठे खरचटलेलंही नसलं तरी, गरोदर बाईला त्याच दिवशी तपासून घ्यावं. पोट दगडासारखं घट्ट झालं, सतत दुखू लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर एक तासही थांबू नये.

दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून, पदर चाकाशी लोंबतोय, अशा अवस्थेत घाट उतरू नये. पोटामुळे तोल बदललेला असतो. चारचाकीत पट्टा नक्की लावावा, फक्त नीट लावावा. खालचा पट्टा पोटाच्या खालून, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवरून, मांड्यांच्या वर घट्ट. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या बाजूनं जाणारा. पट्टा पोटाच्या मध्यावरून कधीही येऊ देऊ नये, आणि "बाळाला दाबेल" म्हणून काढूनही टाकू नये. पट्ट्याविना बसलेली आई समोर फेकली जाते, आणि मग सगळा मार पोटावरच बसतो. आपल्यापैकी जे आपली गाडी घेऊन डोंगरातल्या बायकांना आणायला जातात, त्यांनी एवढं एक आपल्या हातानं तपासावं. पाड्यावरच्या बाईनं पट्टा कधी लावलेला नसतो आणि विचारायला तिला संकोच वाटतो.

होळीचा प्रवास

आता हरिसालच्या पुढची सून. दिवाळीनंतर भट्टीवर निघाली तेव्हा तिला सतरा-अठरा आठवडे झाले होते. प्रवासाच्या दृष्टीनं काळ वाईट नव्हता. वाईट आहे ते परतणं. होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली, तर तिला तेव्हा पस्तीस आठवडे झालेले असतील. मधल्या चार महिन्यांत एकदाही तपासणी झालेली नसते, हिमोग्लोबिन किती आहे कोणालाच ठाऊक नसतं. वीस-पंचवीस माणसं, भांडी, अंथरुणं आणि कोंबड्या यांच्यासह ती एका पिकअपमध्ये बसते. पाय पसरायला जागा नाही, मुकादमाच्या गाडीला थांबा नाही. पुढे परतवाड्यावरून सेमाडोहचा घाट, जिथे मैलोन्‌मैल मोबाईल लागत नाही. कळा सुरू झाल्या तर १०८ ला कळवणार कसं?

तिला "प्रवास टाळा" असं सांगणं सोपं आहे. पण घरानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत नवरा हलू शकत नाही. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, तो भट्टीवर काढायला कोणी तयार होत नाही. म्हणून उपाय त्यातूनच काढावा लागतो. नवऱ्यानं होळीपर्यंत थांबावं, पण तिनं सासूबरोबर १० फेब्रुवारीच्या आत, म्हणजे बत्तीस आठवड्यांच्या आत, दिवसाच्या एसटीनं परतावं. बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे. अमरावतीत किंवा परतवाड्यात उतरून, तपासणी करून, रात्र काढून दुसऱ्या दिवशी घाट चढावा. हे जमणार नसेल तर तिनं भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून तिथेच बाळंत व्हावं. माता-बाल संरक्षण कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं, फक्त ते गावी पेटीत राहू नये, बरोबर न्यावं. आणि गावी परतलेल्या बाईनं शेवटच्या दिवसांत पाड्यावर न राहता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहावं. कळा सुरू झाल्यावरचा प्रवास टाळायलाच ती सोय केलेली आहे.

केव्हा निघूच नये

अंगावरून थोडंही रक्त जात असेल, पाणी जात असेल, पोट ठरावीक वेळानं आवळत असेल, बाळ नेहमीसारखं फिरत नसेल, तर प्रवास रद्द. सोनोग्राफीत वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे असं सांगितलं असेल, तर वेदना नसतानाही एकाएकी खूप रक्त जाऊ शकतं. अशा बाईनं दवाखान्यापासून दूर जाऊ नये. रक्तदाब वाढलेला आहे, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, चेहरा सुजला आहे, तर तो प्रवासाचा शीण समजू नये. ते झटके येण्याआधीचं लक्षण असू शकतं. मागचं बाळ वेळेआधी झालं असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

पण यातून एक गैरसमज होतो आणि तो जीवघेणा आहे. "रक्त जातंय, सिस्टरनं प्रवास करू नको म्हटलं होतं" असं म्हणून बाईला घरातच निजवून ठेवतात. वरची सगळी बंधनं लग्नाच्या, सणाच्या, माहेरच्या प्रवासाला आहेत. रक्त जात असताना दवाखान्याकडे जाणारा प्रवास करायचाच असतो, आणि तो ताबडतोब. १०८ किंवा १०२ ची गाडी बोलवावी, बाईला डाव्या कुशीवर निजवावं, कार्ड आणि रक्त देऊ शकतील अशी दोन धडधाकट माणसं बरोबर घ्यावीत. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर रस्त्यापर्यंत खाटेवरून न्यावं, पण चालवत नेऊ नये.

बाळंतपणानंतरचा प्रवासही याच हिशेबातला आहे. गुठळीचा धोका बाळ झाल्याबरोबर संपत नाही. उलट पहिले काही आठवडे तो सर्वांत जास्त असतो, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी. सहा आठवड्यांनी तो बराच उतरतो. आपल्या आज्या बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नसत. त्यात आठवडाभर आणखी घाला आणि मग सासरी पाठवा. त्याआधी निघावंच लागलं तर मोजे, पाणी आणि दर दोन तासांचा थांबा हे सगळं तसंच पाळायचं. मात्र बाळंतिणीला घरातही नुसतं पाटीवर झोपवून ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून तिला खोलीत हळूहळू फिरू द्या.